तिसरा डाउन, दहा यार्ड: क्रिकेटच्या प्रेक्षकासाठी अमेरिकन फुटबॉल

ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट खेळवायचं, हे तिथेच ठरलं. आपल्याकडे बातमी तेवढीच गाजली. पण त्याच दिवशी आणखी चार खेळांना होकार मिळाला होता आणि त्यांत एक होता फ्लॅग फुटबॉल, म्हणजे अंगावर कोसळणं वगळलेलं अमेरिकन फुटबॉल. तेव्हा या खेळाशी आज ना उद्या आपली गाठ पडणारच. शिवाय दर फेब्रुवारीत एका सोमवारी पहाटे पाचला, भारतीय वेळेनुसार, सुपर बोल नावाचा अंतिम सामना सुरू होतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांच्या आग्रहाने तो लावणारी घरं इथेही आहेतच.

लावल्यावर काय दिसतं? हेल्मेट घातलेली माणसं समोरासमोर वाकून उभी राहतात, पाच-सहा सेकंद हलकल्लोळ होतो, शिट्टी वाजते, सगळे उठून कपडे झटकतात आणि मग बराच वेळ काहीच होत नाही. आपण चेंडू शोधत राहतो. तो सापडेपर्यंत खेळ थांबलेला असतो.

माझं सांगणं एवढंच की सुरुवातीला चेंडू शोधूच नका. पडद्याच्या खालच्या पट्टीत `3rd & 10` असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघा. वनडेच्या शेवटच्या दहा षटकांत आपण मैदानापेक्षा "इतक्या चेंडूंत इतक्या धावा" या आकड्याकडेच जास्त बघतो की नाही? हा तोच आकडा आहे.

## आधी मैदान

यार्ड आपल्याला परका नाही. खेळपट्टी 22 यार्डांची असते, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत असतं. अमेरिकन फुटबॉलचं मैदान एका गोलरेषेपासून दुसऱ्या गोलरेषेपर्यंत 100 यार्ड, म्हणजे साडेचार खेळपट्ट्या एकापुढे एक ठेवल्या तर होतील तेवढं. गोलरेषेपलीकडे दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. त्यानंतर एक किंवा दोन गुण जादा मिळवण्याची एक छोटी संधी मिळते. पट्ट्यापर्यंत पोचता येत नसेल तर दोन उंच खांबांमधून चेंडू लाथाडून तीन गुण घेता येतात, त्याला फील्ड गोल म्हणतात. गुणांचं एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

मैदानावरचे आकडे मात्र नवख्याला चकवतात. ते शून्यापासून शंभरापर्यंत जात नाहीत. दोन्ही गोलरेषांपासून ते वाढत जातात आणि मध्यावर 50 ला भेटतात. त्यामुळे प्रत्येक आकडा दोनदा येतो. "आपल्या 30 वर" म्हणजे अजून 70 यार्ड चालायचे आहेत, "त्यांच्या 30 वर" म्हणजे तीसच उरले आहेत.

## डाउन म्हणजे विकेट नव्हे

क्रिकेटवाल्याचा इथे हमखास गोंधळ होतो. "पहिला डाउन, दुसरा डाउन" ऐकलं की वाटतं विकेटा पडताहेत. तसं नाही. डाउन म्हणजे एक प्रयत्न, आपल्या भाषेत एक चेंडू. गोलंदाज धावत येतो, चेंडू टाकतो, काहीतरी घडतं आणि चेंडू मृत होतो. तसंच इथे खेळ सुरू होतो, काहीतरी घडतं, शिट्टी वाजते आणि एक डाउन संपतो.

ज्या संघाकडे चेंडू आहे त्याला असे चार चेंडू मिळतात आणि त्यांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. दहा यार्ड म्हणजे अर्ध्या खेळपट्टीपेक्षाही कमी. जमलं, तर हिशेब पुसला जातो, पुन्हा चार चेंडू आणि पुन्हा दहा यार्ड. नाही जमलं, तर जिथे अडकलात तिथेच चेंडू समोरच्यांच्या ताब्यात जातो आणि ते उलट्या दिशेने चढाई सुरू करतात.

आता `3rd & 10` वाचता येईल. तिसरा प्रयत्न, हवेत दहा यार्ड. म्हणजे आधीचे दोन्ही चेंडू निर्धाव गेले आहेत. `2nd & 3` म्हणजे पहिल्याच चेंडूवर सात यार्ड मिळाले, अजून तीन चेंडू हाताशी आहेत आणि तीनच यार्ड हवेत, फलंदाज निवांत आहे. टीव्हीवर मैदानावर एक पिवळी रेघ दिसते, तिथपर्यंत पोचायचं असतं. ही रेघ प्रत्यक्ष मैदानावर नसते. 1998 पासून ती पडद्यावर काढून दाखवतात आणि मैदानातल्या खेळाडूंना ती दिसत नाही.

एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. यार्ड म्हणजे धावा नव्हेत. धावफलकावर यार्ड लागत नाहीत. 95 यार्ड चालून आलात आणि शेवटच्या पाचांत अडकलात, तर ते 95 कोणी मोजत नाही. आणि यार्ड कमीही होतात. एकदा काढलेली धाव सहसा कोणी परत घेत नाही, पण इथे चेंडू हातात असलेल्याला मागच्या मागे पाडलं तर पुढचा प्रयत्न तिथून, म्हणजे आणखी मागून सुरू होतो.

## हा नियम आला कुठून?

अमेरिकन फुटबॉल रग्बीतून निघालं. 1880 मध्ये वॉल्टर कँप या येल विद्यापीठाच्या माणसाने दोन बदल पटवून दिले. संघात अकरा खेळाडू असतील, आणि चेंडू कुणाचा यावरून दर वेळी घुसळण होण्याऐवजी तो एका संघाच्या ताब्यात देऊनच खेळ सुरू होईल. दिसायला उत्तम. पण ताबा मिळाल्यावर तो सोडायचा कधी, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

1881 मध्ये प्रिन्स्टन आणि येल यांच्यात सामना झाला. पहिला अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू कुशीत धरून काढला, दुसरा येलने. निकाल शून्य-शून्य. प्रेक्षकांचं काय झालं असेल याची कल्पना ज्यांना 1975 च्या विश्वचषकातला लॉर्ड्‌सचा सामना माहीत आहे त्यांना सहज करता येईल. इंग्लंडच्या 334 समोर आपल्या सुनील गावसकरांनी साठ षटकं खेळून नाबाद 36 केल्या होत्या. बाद व्हायचं नाही एवढंच ठरवलं, तर खेळ संपूनच जातो. क्रिकेटने त्यावर षटकांची मर्यादा आणि आस्किंग रेट हे उत्तर काढलं होतं, पण ते अख्ख्या डावाला लागू होतं. फुटबॉलने चक्क दर चार चेंडूंना आस्किंग रेट लावला.

तो लगेच आजच्या रूपात आला नाही. 1882 मध्ये ठरलं की तीन प्रयत्नांत पाच यार्ड. 1906 मध्ये चेंडू हाताने पुढे फेकायला परवानगी मिळाली आणि पाचाचे दहा यार्ड झाले. तीन प्रयत्नांत दहा फारच जड जाऊ लागले, म्हणून 1912 मध्ये चौथा प्रयत्न आला. शेजारच्या कॅनडात अजूनही तीनच आहेत.

## बारा चेंडू, 83 यार्ड

नियम वाचून खेळ कळत नाही, तेव्हा एक खरी चढाई चेंडूगणिक बघू. 3 फेब्रुवारी 2008, ॲरिझोनातलं ग्लेनडेल, सुपर बोल. न्यू इंग्लंड पेट्रियट्स त्या हंगामात अठरापैकी अठरा सामने जिंकून आले होते. ते 14-10 ने पुढे. न्यू यॉर्क जायंट्सकडे चेंडू आहे, पण आपल्या 17 यार्डांवर. 83 यार्ड जायचंय आणि घड्याळात अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ आहे. तफावत चारची असल्यामुळे तीन गुणांच्या फील्ड गोलचा उपयोग नाही, टचडाउनच हवं.

जायंट्सचा क्वार्टरबॅक ईलाय मॅनिंग. क्वार्टरबॅक म्हणजे दर प्रयत्नाला पहिल्यांदा ज्याच्या हातात चेंडू येतो आणि तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं हे जो ठरवतो तो.

पहिल्याच चेंडूवर अमानी टूमरला 11 यार्डांची फेक. दहाच्या वर गेले, हिशेब पुसला, नवा पहिला डाउन आपल्या 28 वर.

मग दोन फेकी कुणाच्याच हातात आल्या नाहीत. फेकलेला चेंडू झेलला गेला नाही की तो जमिनीवर पडतो, यार्ड शून्य, पुढचा प्रयत्न पुन्हा त्याच जागेवरून. शुद्ध निर्धाव चेंडू. आता पट्टीत `3rd & 10`. मॅनिंगने पुन्हा टूमरलाच चेंडू दिला आणि टूमर नऊ यार्डांवर पडला. नऊ! बाकी `4th & 1`, आपल्या 37 वर. शेवटचा चेंडू, हवा एक यार्ड. नाही मिळाला तर पेट्रियट्स इथूनच चेंडू घेऊन घड्याळ संपवणार आणि हंगाम अपराजित पुरा करणार. ब्रँडन जेकब्स नावाचा धिप्पाड खेळाडू चेंडू पोटाशी धरून सरळ गर्दीत घुसला. दोन यार्ड मिळाले. पुन्हा चार चेंडू.

मॅनिंग स्वतः पळाला, पाच यार्ड, आपल्या 44 वर. पुढच्या चेंडूवर त्याची फेक पेट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या हातांना लागून निसटली. प्रतिस्पर्ध्याने फेक झेलली की डाउन कितवाही असो, ताबा तत्क्षणी जातो. क्रिकेटमधल्या विकेटीसारखं इथे काही असेल तर ते हेच. सॅम्युएलचा झेल सुटला आणि सामना जिवंत राहिला. सुटलेल्या झेलाची किंमत काय असते, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

कारण पुढचा चेंडू होता `3rd & 5`. पेट्रियट्सच्या खेळाडूंनी मॅनिंगचा सदरा मुठीत धरला होता, तो पडणारच होता. पडला असता तर पाच-सात यार्ड मागे जाऊन चौथा डाउन, आणि हवे दहाच्या वर. पण तो निसटला, मागे पळाला आणि मैदानाच्या मध्यावर त्याने चेंडू उंच फेकला. डेव्हिड टायरीने उडी मारून एका हाताने चेंडू स्वतःच्या हेल्मेटवर दाबून धरला आणि अंगावर माणूस कोसळत असतानाही सोडला नाही. 32 यार्ड. आपल्या 44 मध्ये 32 मिळवले की 76, म्हणजे त्यांच्या 24 वर. मैदानावरच्या आकड्यांचं गणित एकदा स्वतः करून बघा, पुन्हा चुकणार नाही.

चढाई अजून संपलेली नव्हती. पुढच्या चेंडूवर मॅनिंगला फेकण्याआधीच पाडलं, एक यार्ड उणे, `2nd & 11`. मग आणखी एक निर्धाव, `3rd & 11`. स्टीव्ह स्मिथला (हा ऑस्ट्रेलियाचा नव्हे) 12 यार्डांची फेक. तो सीमेबाहेर गेला, त्यामुळे घड्याळही थांबलं. त्यांच्या 13 वर पहिला डाउन. तिथून प्लॅक्सिको बरेसच्या हातात टचडाउन, 35 सेकंद बाकी. जायंट्स 17-14 ने जिंकले.

आता हेच आकडे पुन्हा बघा. बारा चेंडूंत 83 यार्ड, चेंडूमागे सात यार्डांच्या आसपास. चार प्रयत्नांत दहा म्हणजे दर चेंडूला अडीच यार्डच तर लागतात. मग सातच्या सरासरीने जाणारा संघ तीन वेळा तिसऱ्या डाउनवर आणि एकदा चौथ्यावर जाऊन का टेकला? कारण बारापैकी पाच चेंडूंवर काहीच मिळालं नाही, त्यांतल्या एकावर तर उणे. टी-ट्वेंटीत 150 च्या स्ट्राइक रेटने खेळणारा एका षटकात 20 काढतो आणि पुढच्यात चार चेंडू नुसते खेळून काढतो, तसं. फुटबॉलमध्ये सलग वाईट गेलेले तीन चेंडू मागच्या षटकाच्या पुण्याईवर भरून निघत नाहीत, कारण मागचं सगळं पुसलेलं असतं. म्हणून तिसऱ्या डाउनला प्रेक्षक उभे राहतात.

## चार प्रयत्न आहेत, मग चौथ्याला चेंडू लाथाडून का देतात?

पहिल्यांदा बघणाऱ्याचा हा प्रश्न अगदी रास्त असतो. चौथा डाउन आला की बहुतेक वेळा संघ चेंडू लांब लाथाडून समोरच्यांना बहाल करतो. याला पंट म्हणतात. हातातला चेंडू वाया घालवला असं वाटतं.

ताबा कुठे जातो, यावर सगळं अवलंबून आहे. समजा तुम्ही आपल्या 30 वर आहात, चौथा डाउन, हवेत सहा. प्रयत्न फसला तर समोरचा तुमच्या 30 वरून सुरू करणार, म्हणजे त्याला गोलरेषेपर्यंत तीसच यार्ड, आणि अगदी न हलताही फील्ड गोलचे तीन गुण मिळण्याची चांगली शक्यता. पंट केलीत तर चेंडू साधारण चाळीस यार्ड लांब जाऊन पडतो आणि त्याला सत्तरेक यार्ड चालत यावं लागतं. चाळीस यार्ड विकत घेतले आणि मोबदल्यात एक अवघड चेंडू सोडून दिला. कसोटीत कर्णधार दोन विकेटा हातात असताना डाव घोषित करतो, तेव्हा तोही त्या दोघांच्या संभाव्य धावा सोडतोच.

समोरच्यांच्या हद्दीत पुरेसं आत शिरलेले असाल तर पंटऐवजी फील्ड गोल. आणि हवं अंतर एखाद-दोन यार्ड असेल, किंवा जायंट्ससारखी वेळच संपत आली असेल, तर चौथा चेंडूही खेळायचा. अलीकडे संघ आकडेमोड करून चौथ्या डाउनला पूर्वीपेक्षा जास्त धाडस करतात आणि फसलं की दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाला लोक सोलून काढतात. माझ्या मते या खेळात सर्वांत रंगतदार क्षण चेंडू हलण्याआधीचा, चौथ्या डाउनला मैदानात कोण येतंय हे दिसतं तो. लाथ मारणारा आला की समजायचं सोडून दिलं. क्वार्टरबॅक तिथेच थांबला की सरसावून बसायचं.

## इतकी रेटारेटी, मग यार्ड मोजतं कोण?

दहा-बारा माणसांच्या ढिगाऱ्याखाली चेंडू असतो आणि निर्णय मात्र इंचांवर होतो, ही शंका कुणालाही येईल. परंपरेने मैदानाच्या कडेला दोन काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन माणसं उभी असतात. शंका आली की ते साखळी मैदानात आणून ताणतात आणि चेंडूचं टोक दुसऱ्या काठीला पोचलं का हे बघतात.

2025 च्या हंगामापासून एनएफएल या मुख्य लीगने या मोजणीसाठी कॅमेरे आणले आणि तंत्र आहे आपल्याच ओळखीचं, हॉक-आय. साखळी राखीव म्हणून ठेवली आहे. पण पायचीतचे निर्णय बघून तयार झालेल्या प्रेक्षकाला इथे एक पळवाट लगेच दिसेल. चेंडू ठेवल्यानंतर तिथून रेघ किती दूर, एवढंच हॉक-आय मोजतं. ढिगाऱ्यात चेंडू नेमका कुठे थांबला आणि तो कुठे ठेवायचा, हे अजून पंच डोळ्यांनीच ठरवतो. म्हणजे चेंडूच्या टप्प्याची जागा अंदाजाने घ्यायची आणि पुढचा मार्ग मिलिमीटरमध्ये काढायचा. त्यावरून भांडणं होणारच, आणि होतात.

## मग ऑलिंपिकमध्ये काय दिसेल?

फ्लॅग फुटबॉलमध्ये पाच-पाच खेळाडू असतात, कुणाला पाडायचं नसतं; कमरेला लटकणारी फीत ओढली की तो डाउन संपला. मैदान 50 यार्डांचं. साखळी नाही, दर दहा यार्डांचा हिशेबही नाही. पहिल्या चार डाउनमध्ये मध्यरेषा ओलांडायची, ओलांडली की पट्ट्यात शिरायला आणखी चार. म्हणजे पट्टीतल्या दोन आकड्यांपैकी पहिलाच जास्त बघायचा. चेंडूला लाथ मारायची इथे सोयच नाही. चढाई फसली तर समोरचा संघ आपल्या पाच यार्डांच्या रेषेवरून सुरुवात करतो, तुम्ही कुठे अडकलात याने त्याला फरक पडत नाही. त्यामुळे चौथा डाउन सोडून देण्याचं कारणच उरत नाही आणि मोठ्या खेळात क्वचित दिसणारी ती धडपड इथे दर चढाईत बघायला मिळते.